पाठवलं ते पोचलं, पण कोणाच्या पत्त्यावर?

गेल्या सप्टेंबरात आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची वार्षिक सभा भांडणातच उरकली. विषयपत्रिकेवर गोदामासाठी कर्ज काढायचा ठराव होता. त्यावर कोणी तोंड उघडलंच नाही. मागच्या बाजूचे दहा-बारा सभासद उभे राहिले आणि म्हणाले, "आमाले नोटीसच नाही भेटली, तं हे सभा कायची?" अध्यक्षांनी मोबाइल वर धरला. "ग्रुपवर टाकली होती न बाप्पा, निळ्या टिका पाहून घ्या." पुढचे दोन तास नोटीस भेटली की नाही, एवढ्यावरच गेले. थोड्याफार फरकानं हेच भांडण मी वऱ्हाडातल्या तीन-चार गावांत ऐकलं आहे. ऐकताना दर वेळी वाटतं की दोन्ही बाजू चुकीच्या जागी कुदळ मारताहेत. एकांना वाटतं, हातात कागद आला नाही म्हणजे सभा रद्द. दुसऱ्यांना वाटतं, आपण कुठंतरी टाकली म्हणजे झालं काम. माझं मत असं आहे की "पाठवलं म्हणजे पोचलं असं धरायचं" हा कायद्याचा नियम योग्य आहे आणि तो राहिला पाहिजे. पण तो नियम उभा आहे तो पत्त्यावर. आपल्याकडच्या बहुतेक उत्पादक कंपन्यांच्या सभासद नोंदवहीत पत्त्याचा रकाना इतका पोकळ आहे की तिथं या नियमाचा आधार घ्यायचा हक्कच कंपनीनं गमावलेला असतो. भांडायचं असेल तर त्या रकान्यावरून भांडा.

आधी कायदा काय विचारतो ते पाहू. कंपनी कायदा 2013 चं कलम 20 सांगतं की सभासदाला कागद साध्या टपालानं, रजिस्टरनं, स्पीड पोस्टानं, कुरिअरनं, त्याच्या पत्त्यावर प्रत्यक्ष देऊन किंवा नियमात सांगितलेल्या इलेक्ट्रॉनिक मार्गानं बजावता येतो. टपालानं पाठवला तर तो पोचला कधी असं धरायचं, हे 2014 च्या नियमांत आहे. सभेची नोटीस असेल तर पत्र पेटीत पडल्यापासून 48 तास संपले की ती बजावली गेली. इतर कागद असेल तर टपालाच्या नेहमीच्या चालीनं तो ज्या वेळी पोचला असता त्या वेळी. शहरातल्या सोसायट्यांमुळे 'मानीव' हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे. ही तशीच मानीव पोच, म्हणजे प्रत्यक्ष पोचलं की नाही हे न बघता पोचलं असं धरायचं. यात "तुला भेटली का" हा प्रश्नच नाही. त्यामुळे मागच्या बाजूच्या सभासदांचा मुख्य मुद्दा जागेवरच पडतो. पत्र टाकल्याचा पुरावा असेल आणि पत्ता बरोबर असेल, तर "मला भेटली नाही" हे वाक्य नुसतं उच्चारून सभा मोडता येत नाही.

हा नियम अन्यायाचा वाटतो हे मला कबूल आहे. तो किती निष्ठुर होऊ शकतो याचं जुनं उदाहरण 1879 सालचं आहे. ब्रिटनमधल्या ग्रँट नावाच्या एका गृहस्थानं एका विमा कंपनीच्या शेअरसाठी अर्ज केला. कंपनीनं शेअर दिल्याचं पत्र टपालात टाकलं. ते पत्र त्याला कधीच मिळालं नाही. पुढं कंपनी बुडाली आणि त्या शेअरचे उरलेले पैसे भर म्हणून ग्रँटवर दावा लागला. जे पत्र त्यानं पाहिलंच नाही त्यानं तो भागधारक झाला होता, असं न्यायालयानं बहुमतानं ठरवलं. ब्रॅमवेल या न्यायाधीशांनी वेगळं मत दिलं. न पोचलेलं पत्र म्हणजे न सांगितलेली गोष्ट, असा त्यांचा साधारण सूर. मनानं मी ब्रॅमवेलच्या बाजूचा आहे. पण घडीभर त्यांचा नियम आपल्या गावात लावून बघा. चारशे सभासदांची कंपनी आहे, एकाला कर्जाचा ठराव नको आहे, पोस्टमन दिसला की तो मागच्या दारानं वावरात निघून जातो. प्रत्येकाच्या हातात कागद पडल्याशिवाय सभा नाही असं धरलं, तर चारशेंपैकी कुठलाही एक जण कंपनी बंद पाडू शकतो. मग उरलेल्या तीनशे नव्याण्णवांचं काय? टपालात हरवण्याचा धोका कोणावर तरी टाकावा लागतो. ज्यानं स्वतःहून पत्ता दिला आणि त्या पत्त्यावर कळवा म्हणून सही केली, त्याच्यावर तो टाकणं त्यातल्या त्यात न्याय्य आहे.

आता इथं "स्वतःहून पत्ता दिला" या शब्दांवर थांबायला हवं, कारण सगळा वाद तिथं आहे. सर्वसाधारण खंड अधिनियम 1897 चं कलम 27 हा या मानीव पोचेचा आपल्याकडचा जुना पाया. त्यात अटी अगदी साध्या आहेत: पत्र बरोबर पत्ता लिहून, टपालखर्च भरून, रजिस्टरनं टाकलेलं असलं पाहिजे, तेवढं झालं की ते पोचलं असं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. पहिलीच अट पत्त्याची आहे, आणि परत आलेल्या लिफाफ्यांवर पोस्टमननं काय लिहिलंय ते बघितलं की या अटीचा अर्थ कळतो. "घेण्यास नकार" असा शेरा असेल तर सर्वोच्च न्यायालयानं 1981 मध्येच सांगून ठेवलंय की नाकारणाऱ्याला नोटीस मिळाली, एवढंच नव्हे तर आतला मजकूरही कळला असं धरलं जाईल. घर बंद होतं, सूचना देऊनही कोणी न्यायला आलं नाही, असा शेरा असेल तरी न्यायालयं सहसा पाठवणाऱ्याच्या बाजूनं जातात. पण "पत्ता अपूर्ण" असा शेरा घेऊन लिफाफा परत आला तर? मग कलमाची पहिली अटच तुटली. त्या लिफाफ्यानं पोच सिद्ध होत नाही; उलट कंपनीचा पत्ता चुकीचा होता हे सरकारी शाईत सिद्ध होतं. आमच्याकडं कंपनीचे लोक हे सगळे परतीचे लिफाफे एकाच रबरानं बांधून कपाटात टाकतात आणि "पुरावा आहे" म्हणतात. त्यातले अर्धे त्यांच्याच विरुद्धचे असतात, हे उघडून वाचल्याशिवाय कळत नाही.

विदर्भातल्या खेड्यात पत्ता अपूर्ण का असतो, हे पत्ता लिहिण्याच्या पद्धतीतच दडलेलं आहे. 'मु. पो. अमुक, ता. तमुक' असं आपण सवयीनं एका दमात लिहितो. पण मुक्काम आणि पोस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाखा डाकघर एका गावात असतं आणि त्याच्या हाताखाली आजूबाजूची चार-सहा गावं आणि पोड म्हणतात त्या लहान वस्त्या येतात. एका पिनकोडाखाली तर अशी किती तरी शाखा डाकघरं. नोंदवहीत मुक्काम न लिहिता फक्त पोस्टाचं गाव लिहिलं, की ग्रामीण डाक सेवकाला तो माणूस कोणत्या वस्तीतला हे ओळखीनं शोधावं लागतं. त्यात एकाच आडनावाचे वीस घरं, त्यात एकाच नावाचे तीन माणसं, आणि बापाचं नाव लिहायचं राहून गेलेलं. जुना डाकवाला ओळखीवर निभावून न्यायचा. तो बदलून नवा आला की लिफाफा परत.

दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. सभासद करताना पत्ता कुठून घेतला जातो? माणसाला विचारून नाही. ऑपरेटर आधार कार्ड समोर ठेवतो आणि त्यावरून उतरवतो; किंवा सातबाऱ्यावरचं गाव घालतो. सातबारा जमिनीचा आहे, माणूस कुठं राहतो ते तो सांगत नाही. शेत एका शिवारात, राहणं दुसऱ्या गावात, ही आपल्याकडची सर्रास गोष्ट. बचत गटांतून सभासद झालेल्या बायांच्या बाबतीत तर कहर आहे. लग्नानंतर आधार बदललेलं नाही, म्हणून कंपनीच्या वहीत त्यांचा पत्ता माहेरचा. ती बाई सासरी आहे, कंपनीच्या गोदामापासून दोन कोसांवर, दर हंगामाला तूर आणून घालते, आणि तिची नोटीस जाते साठ किलोमीटरवर तिच्या भावाच्या घरी. भाऊ ती लिफाफ्यासकट फडताळात ठेवतो. टपालाच्या दृष्टीनं पत्र पोचलं. कायद्याच्या दृष्टीनंही, कंपनीनं वहीतल्या पत्त्यावर पाठवलं हे खरं. पण हा पत्ता तिनं दिला होता का? सभासदानं पत्ता निवडला म्हणून धोका त्याचा, या युक्तिवादावरच तर आपण मानीव पोच मान्य केली. इथं निवड तिची नव्हतीच. मग धोका तिच्यावर कसा टाकणार?

ईमेलच्या बाबतीत हाच खेळ आणखी उघड्यावर येतो. सभेची नोटीस ईमेलनं देता येते, आणि तिथं नियम कंपनीच्या बाजूनं बराच झुकलेला आहे. कंपनीनं मेल सोडला की तिचं कर्तव्य पूर्ण झालं. तिच्या आवाक्याबाहेरच्या कारणानं तो पोचला नाही तर ती जबाबदार नाही. सभासदानं पत्ता दिलाच नाही किंवा बदललेला कळवला नाही तरी दोष कंपनीचा नाही. संचालक मंडळात हा नियम एवढाच वाचला जातो. त्याच्या आगेमागे जे लिहिलंय ते मात्र कोणी वाचत नाही. मेल सभासदानं दिलेल्या शेवटच्या पत्त्यावर गेला पाहिजे. वर्षातून निदान एकदा प्रत्येक सभासदाला मेलचा पत्ता नोंदवायची किंवा बदलायची संधी द्यायला हवी. मेलच्या विषयाच्या ओळीत कंपनीचं नाव, सभा कोणती, कुठं आणि कोणत्या तारखेला, हे दिसलं पाहिजे. एकूण किती जणांना मेल गेला, कोणाकोणाला गेला, कोणाचा परत आला आणि तो पुन्हा पाठवला का, याची नोंद ठेवायला हवी. थोडक्यात, परत आलेल्या मेलकडं डोळे झाकायची मुभा नियमानं दिलेली नाही. परतलेल्याचीसुद्धा वही ठेवा असं तो सांगतो.

आणि आपल्याकडच्या वह्यांत मेलच्या रकान्यात काय असतं? ज्यांनी उत्पादक कंपनीचं कागदपत्र जवळून पाहिलंय त्यांना हसू येईल. फॉर्ममध्ये मेलचा रकाना भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही, शेतकऱ्याकडं मेल नाही, मग ऑपरेटर कंपनीचाच मेल टाकतो. सगळ्यांच्या नावापुढं तोच. काही ठिकाणी सीईओचा खासगी, काही ठिकाणी तालुक्याच्या सेवा केंद्रवाल्याचा, जो आता दुकान बंद करून पुण्याला गेला. म्हणजे सभेच्या दिवसांत कंपनी आपल्याच मेलवरून आपल्याच मेलवर तीनशे वेळा नोटीस पाठवते, आणि पाठवल्याच्या तीनशे पावत्या जपून ठेवते. स्वतःच्या उजव्या हातातून डाव्या हातात दिलेला कागद सभासदाला बजावला असं कोणतं न्यायालय मानेल? कंपनी म्हणेल, सभासदानं पत्ता अद्ययावत केला नाही. पण जो पत्ता त्यानं दिलाच नव्हता, जो आपल्या नावापुढं आहे हे त्याला माहीतही नाही, तो त्यानं अद्ययावत कसा करायचा?

व्हॉट्सॲपच्या बाजूनं एक जोरकस मुद्दा आहे, तो टाळून चालणार नाही. मुंबई उच्च न्यायालयानं 2018 मध्ये एका क्रेडिट कार्डाच्या वसुली प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस बजावली गेली असं मानलं. पीडीएफ पोचली आणि उघडली गेली हे टिकांवरून दिसत होतं. मग जुलै 2020 मध्ये, साथीच्या काळात, सर्वोच्च न्यायालयानंही अशा संदेशांतून नोटिसा पाठवायला मोकळीक दिली. अध्यक्षांच्या निळ्या टिकांना एवढं पाठबळ आहे, हे खरं. पण 2018 च्या प्रकरणात एक माणूस होता, तो नोटीस चुकवत होता, त्याच्या स्वतःच्या नंबरवर ती गेली आणि त्यानं उघडली हे दिसलं. तिथं प्रत्यक्ष मिळाल्याचा पुरावा होता, मानीव पोचेची गरजच पडली नाही. अडीचशे जणांच्या ग्रुपवर टाकलेली नोटीस निराळी. त्या ग्रुपमध्ये सगळे सभासद आहेत का? नंबर सभासदाचा आहे की त्याच्या पोराचा? 'गुड मॉर्निंग' आणि कापसाच्या भावाच्या चाळीस संदेशांखाली ती कोणाला दिसली? शिवाय सभेच्या नोटिशीच्या नियमात इलेक्ट्रॉनिक मार्ग म्हणजे सभासदानं दिलेल्या शेवटच्या ईमेल पत्त्यावरचा संदेश, असं स्पष्ट लिहिलंय. ग्रुपवर नोटीस जरूर टाका. पूर्वी गावात डोंडी पिटायचे, तशी ती डोंडी. पण जुन्या काळीसुद्धा महत्त्वाचा कागद असेल तर डोंडी पिटून कोतवाल थांबत नसे. घरी जाऊन अंगठा घेऊन येई.

मग कोणी तरी कंपनी कायद्याच्या कलम 101 चा हुकमी एक्का टाकतो: अनवधानानं एखाद्याला नोटीस द्यायची राहिली किंवा ती मिळाली नाही, तर सभा अवैध ठरत नाही. बरोबर आहे, आणि असलंच पाहिजे. पण 'अनवधानानं' या शब्दाची हद्द कुठं संपते? 1962 साली इंग्लंडच्या न्यायालयांत दोन प्रकरणं आली. एका खाण कंपनीत पत्ते छापायच्या धातूच्या पट्ट्या वापरत. काही भागधारकांच्या पट्ट्या लाभांशाच्या कामासाठी वेगळ्या काढून ठेवलेल्या होत्या, नोटिसा छापताना त्या परत लावायच्या राहिल्या. न्यायालय म्हणालं, ही अनवधानाची चूक, सभा ग्राह्य. दुसऱ्या कंपनीत संचालकांनी काही जणांना नोटीस दिलीच नाही, कारण त्यांनी शेअर विकायचा करार केला होता आणि संचालकांच्या समजुतीनं ते आता सभासद उरले नव्हते. वहीत मात्र नावं तशीच होती. न्यायालय म्हणालं, हे विसरणं नव्हे. विचार करून वगळणं आहे, समजूत चुकीची असली तरी. ती सभा पडली.

हे दुसरं प्रकरण मला आपल्या अगदी जवळचं वाटतं. "त्यानं दोन वर्षं सोयाबीन आपल्याला नाही घातलं, व्यापाऱ्याले घातलं, त्याले कायची नोटीस?" हे वाक्य मी संचालकाच्या तोंडून ऐकलंय. उत्पादक कंपनीत सक्रिय सभासद ही कल्पना आहे, मान्य. किती माल, किती काळ दिला म्हणजे सक्रिय, हे नियमावलीत लिहिलेलं असतं. पण कायदा नोटीस प्रत्येक सभासदाला आणि लेखापरीक्षकाला द्या म्हणतो. सक्रिय सभासदाला द्या म्हणत नाही. एखाद्याला काढायचंच असेल तर त्याला आधी लेखी नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकायला हवं, मग शेअर परत घ्यायचे. ते न करता यादीतून नाव गाळलं, तर कलम 101 ची ढाल तिथं नाही.

आता एक हिशेब करून बघू, कारण भांडणाचा निम्मा भाग तारखांच्या अज्ञानातून येतो. समजा, एका कंपनीचे 420 सभासद आहेत, अकरा गावांत. सभा 25 सप्टेंबरला ठेवली. उत्पादक कंपनीला सभेची लेखी नोटीस निदान 14 दिवस आधी द्यावी लागते. सेक्रेटरी कॅलेंडरवर उलटे 14 दिवस मोजतो आणि 11 तारखेला सगळी पत्रं टपालात टाकून मोकळा होतो. इथंच चुकलं. पत्र टाकलं तो दिवस नोटिशीचा नव्हे. टाकल्यापासून 48 तासांनी ती बजावली जाते, म्हणजे 13 तारखेला. बजावणीचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून मधले दिवस मोजले तर 14 ते 24 असे अकराच भरतात. तीन दिवस कमी. मधले पूर्ण 14 दिवस भरायचे तर 11 ते 24 मोकळे हवेत, बजावणी 10 पर्यंत व्हायला हवी, म्हणजे पत्रं 8 तारखेला टपालात पडली पाहिजेत. गंमत अशी की या चुकीत मानीव पोचेचा नियम सभासदाच्या बाजूनं उभा राहतो. ज्या कंपनीनं "पाठवलं म्हणजे पोचलं" हे ब्रीद केलं, तिलाच "पोचलं कधी" याचं उत्तर दोन दिवस उशिराचं मिळतं. आणि पत्र टाकल्याचा पुरावा? साध्या टपालाला शिक्का मारून देणारी 'अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग' ही स्वस्त सोय डाक खात्यानं 2011 मध्ये बंद केली. 2025 मध्ये रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं. त्यामुळे 420 स्पीड पोस्टांचा खर्च करा, नाहीतर पुराव्याशिवाय साधी पत्रं टाका, अशा पेचात लहान कंपनी सापडते. शिवाय नोटिशीबरोबर विषयपत्रिका, मागच्या सभेचं इतिवृत्त, संचालकपदाच्या उमेदवारांची नावं आणि माहिती, तपासलेला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक, हे सगळं जायला हवं. लिफाफा जाड होतो, खर्च वाढतो.

या खर्चामुळेच संचालक कायद्याची पळवाट शोधतात, हे मी समजू शकतो. पण कलम 20 मध्येच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भक्कम मार्ग लिहिलेला आहे आणि त्याकडं कोणी बघत नाही: सभासदाच्या पत्त्यावर कागद प्रत्यक्ष नेऊन देणं. 420 सभासद अकरा गावांत म्हणजे गावाला सरासरी 38 घरं. प्रत्येक गावात एक गटप्रमुख असतोच. त्याच्या हाती कागदांचा गठ्ठा आणि एक पोच वही द्या. सही किंवा अंगठा, तारीख, कागद कोणाच्या हाती दिला त्याचं नाव, एवढे रकाने. दोन संध्याकाळचं काम आहे. इथं 48 तास धरायची गरज नाही, गृहीत धरायलाच काही नाही, कारण पोच समोर आहे. आणि तो गटप्रमुख दारात उभा असतानाच कळतं की हा पत्ता माहेरचा, हा माणूस सुरतला गेला, हा मागच्या पावसाळ्यात वारला. टपाल हे शोधून देत नाही, मेल तर नाहीच. बाहेरगावी गेलेल्या तीस-चाळीस जणांना स्पीड पोस्ट करा. तेवढा खर्च कोणत्याही कंपनीला झेपतो.

वारलेल्यांचा विषय आलाच तर तोही उरकून घेऊ. मयत सभासदाच्या कायदेशीर वारसालाही सभेची नोटीस द्यावी लागते. सभासद झाल्यापासून तीन महिन्यांत आपल्या पश्चात शेअर कोणाला जावेत त्याचं नाव नोंदवायचं, असं उत्पादक कंपनीच्या कायद्यात आहे. किती वह्यांत तो रकाना भरलेला आहे, हे ज्याच्या त्याच्या कपाटात बघावं. मेलेल्या बापाच्या नावानं दर वर्षी नोटीस जाते आणि घरात बसलेल्या विधवेला आपण सभेला जाऊ शकतो हे कोणी सांगत नाही.

एक आक्षेप अजून शिल्लक आहे आणि तो व्यवहारी आहे. "एवढं करून उपयोग काय? लोक तरीही येत नाहीत. कागदोपत्री नोटीस झाली की ठराव पास, काम पुढं." खासगी कंपनीत हे चाललं असतं, तिथं दोन माणसं बसली की गणपूर्ती होते. पण उत्पादक कंपनीत एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश हजर लागतात. आपल्या उदाहरणात 105. मानीव पोच तुमची नोटीस वाचवते. मानीव हजेरी नावाची गोष्ट कायद्यात नाही. ज्यांची नोटीस फडताळात किंवा कंपनीच्याच मेलमध्ये पडली ते सभेला येणार नाहीत, आणि 105 चा आकडा काढताना मात्र ते सगळे एकूण संख्येत मोजले जाणार. मग काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे. हजेरीपुस्तक सभेनंतर आठ दिवस गावोगाव फिरतं, आणि ज्या गटप्रमुखाला नोटीस द्यायला जमलं नव्हतं, त्याला सह्या गोळा करायला बरोबर जमतं. तेच पाय, तीच घरं, तीच वही. फक्त पंधरा दिवस उशिरा, आणि आता ते खोटं दस्तऐवज करणं झालेलं असतं.

सभासदांनाही मी सोडणार नाही. घर बदललं, सून वेगळी राहायला लागली, मोबाइल नंबर गेला, हे कंपनीला लेखी कळवणं त्यांचं काम आहे, आणि न कळवता पुढं "भेटली नाही" म्हणणाऱ्याला कायदा उभं करणार नाही. अमुक एका मार्गानंच कागद पाठवा अशी मागणी करायचा हक्कही त्यांना कलम 20 नं दिलाय. त्यासाठीची फी किती, हे वार्षिक सभेनं ठरवायचं असतं. हा हक्क वापरलेला एकही सभासद मी पाहिलेला नाही, आणि अशी फी ठरवलेली एकही सभा पाहिलेली नाही. मागच्या बाजूला उभं राहून ओरडणाऱ्या त्या दहा-बारा जणांपैकी एकानं जरी मागच्या वर्षी असा एका ओळीचा अर्ज देऊन त्यावर पोच घेतली असती, तर अध्यक्षांना मोबाइल वर धरता आला नसता.

आमच्या कंपनीत यंदा आम्ही नोंदवहीच्या नकलेत एक जादा रकाना आखला आहे: 'पत्ता कोणी सांगितला'. त्यात 'स्वतः' किंवा 'आधारवरून' एवढंच लिहायचं. जून ते ऑगस्ट या काळात बियाणं न्यायला, खत न्यायला सभासद येतात तेव्हा खिडकीवरच विचारून घेतो. ज्या नावांपुढं ऑगस्टअखेर 'आधारवरून' राहील, त्यांना नोटीस गटप्रमुखानं हातातच द्यायची. टपालावर किंवा मेलवर त्यांच्या बाबतीत भरवसा ठेवायचा नाही, असं ठरलंय. पहिल्या शंभर नावांत 'स्वतः' एकोणतीसच निघाले.